तुमच्या ठिबक लेखमालेबद्दल

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात भाचीचा मेसेज आला. ‘मावशी, हे जरा बघशील का? आजच पाठवायचं आहे.’ ती अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका कृषी महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ठिबक सिंचनाचं साहित्य विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला शेतकऱ्यांसाठी मराठीत सहा लेख लिहून हवे होते, प्रत्येकी ७०० शब्दांचे. जाहिरात चारच ओळींची होती. विषय ठिबकची देखभाल, भाषा शेतकऱ्याला कळेल अशी, नमुना पाठवा, एका लेखाला किती दिवस आणि किती पैसे ते सांगा. कामाला अर्ज करताना सोबत जो छोटा मजकूर जातो, तो तिने लिहिला होता. तो असा:

‘आदरणीय महोदय, मी बी.एस्सी. कृषीच्या अंतिम वर्षात शिकत असून मला लहानपणापासून वाचन व लेखनाची आवड आहे. शालेय जीवनात मी अनेक निबंध स्पर्धांमध्ये पारितोषिके मिळवली आहेत. मी मेहनती, प्रामाणिक व नवीन गोष्टी शिकण्यास उत्सुक आहे. मला अनुभव नसला तरी संधी दिल्यास मी तिचे सोने करीन असा विश्वास वाटतो. मानधन आपण ठरवाल ते मान्य राहील. तरी कृपया माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.’

गेली अकरा वर्षं मी पुण्यात भाषांतराची आणि लेखनाची कामं लोकांना वाटून देते. एका छोट्या कामाची जाहिरात दिली की चाळीसेक मेसेज येतात आणि त्यांतले तीस-पस्तीस हुबेहूब असे असतात. लिहिणारी मुलं आळशी नसतात. दहावीला उपयोजित लेखनात विनंतीपत्राचा जो साचा त्यांनी घोटलेला असतो, तोच त्यांच्या हाताला आठवतो. त्या पत्रात एक जण मागणारा असतो आणि दुसरा देणारा, म्हणून सगळा भर नम्रतेवर. शाळेच्या मुख्याध्यापकांकडे दाखला मागायला तो साचा चांगलाच आहे. लेखनाच्या कामात मात्र दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज असते. व्यापाऱ्याला लेख हवेत, ते त्याला स्वतःला लिहिता येत नाहीत, आणि चुकीच्या माणसाला काम दिलं तर महिना फुकट जाईल ही त्याची धास्ती आहे. त्या धास्तीला भाचीच्या मजकुरात एकही उत्तर नव्हतं.

मी तिला फोन केला आणि एक प्रयोग करायला सांगितला. ‘तुझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीचं नाव या मजकुराखाली घाल. कुठलं वाक्य खोटं ठरतं?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘निबंध स्पर्धेचं कदाचित.’ म्हणजे सहा वाक्यांत तिचं स्वतःचं असं एकच होतं आणि तेही या कामाच्या उपयोगाचं नव्हतं. आपला मजकूर दुसऱ्याच्या नावावर तसाच चालतो का, ही तपासणी मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना करायला सांगते. जे वाक्य तसंच चालतं, ते वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही.

‘पण मावशी, मला अनुभवच नाहीये. मग लिहू काय?’

शेवटच्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक मुलाची अडचण हीच असते. पैसे मिळाले तरच तो अनुभव, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. मी तिला विचारलं, सातव्या सत्रात काय केलंस? कृषीच्या मुलांना त्या सत्रात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी गावात जाऊन राहावं लागतं. मुलींना कृषिकन्या म्हणतात, मुलांना कृषिदूत. माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा, बीजप्रक्रिया कशी करायची, अशी प्रात्यक्षिकं ते शेतकऱ्यांना करून दाखवतात. भाचीचा गट राहाता तालुक्यातल्या एका गावात होता आणि तिथल्या डाळिंबाच्या बागेत त्यांनी ठिबकच्या आम्ल प्रक्रियेचं प्रात्यक्षिक केलं होतं. पाण्यात क्षार जास्त असले की ते नळीत आणि ड्रीपरच्या तोंडाशी साचतात. ते विरघळवण्यासाठी आम्ल मिसळलेलं पाणी नळ्यांत सोडायचं, चोवीस तास तसंच ठेवायचं आणि मग नळ्यांची टोकं उघडून धुऊन काढायचं.

‘त्यावर काही लिहिलं होतंस का?’

‘एक पानाचं माहितीपत्रक केलं होतं. पण ते काही लेखन नाही गं.’

मी तिला ते पाठवायला सांगितलं. माझ्या हातात दोन कागदांचे फोटो आले. पहिल्यावर लिहिलं होतं, ‘पाण्याचा सामू ४ पर्यंत येईल इतके आम्ल मिसळावे.’ बागेच्या मालकांनी ते वाचून विचारलं होतं, सामू म्हणजे काय आणि तो मला दिसणार कसा? म्हणून तिने दुसरा कागद लिहिला: ‘बादलीभर पाण्यात थोडं थोडं आम्ल घाला, दर वेळी कागदाची पट्टी बुडवून बघा. डबीवर ४ आकड्यासमोर जो रंग आहे तो पट्टीला आला की थांबा. किती आम्ल लागलं ते लिहून ठेवा, त्या हिशेबाने टाकीचं मोजा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.’ हा दुसरा कागद त्या काकांनी मोटारीच्या खोलीत भिंतीला चिकटवला होता. फोटोत तो तिथेच दिसत होता, कोपऱ्यावर ग्रीसचा डाग पडलेला.

मला याहून चांगला नमुना सुचत नाही. व्यापाऱ्याला नेमकं हेच काम करून हवं आहे, आणि ते तिने आधीच एकदा केलेलं होतं. वाचणाऱ्याला काय कळलं नाही ते ऐकून तिने मजकूर बदलला होता. निबंधाची बक्षिसं तिने पहिल्या परिच्छेदात लिहिली आणि हा कागद ‘हे काही लेखन नाही’ म्हणून मोबाइलमध्ये पडू दिला. वाणिज्य शाखेच्या मुलाने सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहिलेलं असतं, मराठीच्या मुलीने गावच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या चार ओळींच्या ओळखी लिहिलेल्या असतात, आणि मला मेसेज पाठवताना ते दोघंही याचा उल्लेख करत नाहीत.

मग आम्ही मजकूर नव्याने लिहायला बसलो. विषयाच्या ओळीत तिने ‘कामासाठी अर्ज’ असं टाकलं होतं. मोबाइलवर मेल उघडण्याआधी विषय आणि पहिले काही शब्द एवढंच दिसतं, आणि त्या व्यापाऱ्याच्या फोनवर ‘कामासाठी अर्ज’ अशा ओळी खालोखाल दिसणार होत्या. तिथे ‘ठिबक लेखमाला: नमुना, वेळ आणि दर’ असं लिहिलं. जाहिरातीत मागितलेल्या तिन्ही गोष्टी आत आहेत, हे त्याला बाहेरूनच कळलं.

अनुभव नसण्याबद्दल काय लिहायचं यावर आमचं थोडं भांडण झालं. तिला ते पूर्ण लपवायचं होतं. माझं म्हणणं, ते एका साध्या वाक्यात सांगावं, माफी न मागता, आणि नमुन्याच्या आधी नव्हे तर नंतर. समोरच्याने विचारल्यावर कळलं तर त्याला बाकीच्या मजकुराबद्दलही शंका येते. आधीच सांगून टाकलं की तो विषय तिथे संपतो.

पैशाच्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘आपण ठरवाल ते मान्य’ हे तिला नम्र वाटत होतं. काम देणाऱ्याच्या बाजूने ते कसं दिसतं ते मी तिला सांगितलं. त्याने दर विचारला आहे, त्याला सहा लेखांचा खर्च मांडायचा आहे, आणि उत्तरात आकडा नाही. म्हणजे त्याला पुन्हा विचारावं लागणार, किंवा तो आकडा लिहिणाऱ्या दुसऱ्याकडे जाणार. मी तिला तिचे तास मोजायला लावले. वाचायला आणि एखाद्या शेतकऱ्याशी बोलायला दोन तास, लिहायला तीन, दुरुस्तीला एक. एका लेखाला सहा तास. तिच्या मनात २०० रुपये होते, म्हणजे तासाला तेहतीस रुपये. शेवटी ती ६०० वर आली, तासाला शंभर आणि शब्दाला साधारण ८६ पैसे. या कामाला कुठे छापलेला दर नसतो, त्यामुळे ६०० बरोबर की चूक हे मी सांगू शकत नव्हते. तेवढ्यात ती कुरकुर न करता लिहील आणि व्यापाऱ्यालाही ते झेपेल, इतकंच आम्ही बघितलं. त्यासोबत ‘एक दुरुस्ती धरून’ असे तीन शब्द घातले. ते नसले तर सहा तासांच्या लेखाचे बारा तास व्हायला वेळ लागत नाही, कारण दुरुस्त्या कुठे थांबतात हे कोणीच ठरवलेलं नसतं.

परीक्षेचंही तसंच. तिची परीक्षा २७ एप्रिलपासून होती आणि ते सांगितलं तर काम मिळणार नाही अशी तिला भीती. मी आजवर ज्या मुलांचं काम अर्ध्यावरून काढून घेतलं, त्यांतली बहुतेक परीक्षेच्या आठवड्यात फोन न उचलणारी होती. वाईट लिहिणारी त्यांत थोडीच होती. ९ मार्चपासून दर सोमवारी एक लेख धरला, तर सहावा १३ एप्रिलला येतो. परीक्षेआधी दोन आठवडे हातात उरतात. हे तिने तारखांसकट लिहिलं, आणि वाचणाऱ्याला परीक्षेची अडचण न दिसता वेळापत्रक दिसलं.

नमुना म्हणून आणखी काय द्यायचं? जाहिरातीतल्या विषयांत ‘नळ्या चोक होणे’ हा एक होता. त्याची सुरुवात कशी करशील ते शंभर-दीडशे शब्दांत लिहून खाली जोड, असं मी सुचवलं. पूर्ण ७०० शब्दांचा लेख नाही. त्याच कामासाठी वापरता येईल असा अख्खा लेख कोणी नमुना म्हणून फुकट मागत असेल, तर ‘नमुन्याचा लेखही याच दराने लिहीन’ असं उत्तर द्यावं. आणि काम देण्याआधी नोंदणी फी किंवा अनामत मागणाऱ्याला तर उत्तरच देऊ नये. लेखनाच्या कामात पैसे एकाच दिशेने जातात, काम देणाऱ्याकडून लिहिणाऱ्याकडे.

तिने रात्री जो मजकूर पाठवला तो असा होता:

‘नमस्कार, ठिबकच्या देखभालीवरच्या सहा लेखांबद्दल लिहिते आहे. मी बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कार्यानुभवासाठी राहाता तालुक्यात असताना आम्ही एका डाळिंबाच्या बागेत आम्ल प्रक्रियेचं प्रात्यक्षिक केलं आणि मी त्याचं एक पानाचं माहितीपत्रक लिहिलं. पहिल्या मसुद्यातला “सामू” हा शब्द शेतकऱ्यांना कळला नाही, म्हणून ते पुन्हा लिहिलं. दुसरा मसुदा सोबत जोडला आहे. तुमच्या यादीतल्या “नळ्या चोक होणे” या लेखाची सुरुवात कशी करीन तेही खाली दिलं आहे. पैसे घेऊन लिहिण्याचं हे माझं पहिलंच काम असेल.

एका लेखाला सहा-सात दिवस लागतील. ९ मार्चपासून दर सोमवारी एक याप्रमाणे सहावा लेख १३ एप्रिलला देईन. २७ एप्रिलपासून माझी परीक्षा आहे, त्याआधी काम पूर्ण होईल. दर ७०० शब्दांच्या लेखाला ६०० रुपये, एक दुरुस्ती धरून. लेख युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये देईन. औषधांची मात्रा जिथे येईल तिथे ती कुठून घेतली ते लेखाच्या खाली वेगळं लिहून देईन, म्हणजे तुम्हाला तपासता येईल.’

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. मला ते सुचलं नसतं. आम्लाची मात्रा चुकली तर नळ्या आणि मुळं दोन्हींचं नुकसान होतं आणि शेतकरी जाब व्यापाऱ्याला विचारतो, हे ती बागेत राहून शिकली होती.

खाली नमुना होता: ‘नळीच्या शेवटची टोपी काढा आणि येणारं पाणी तळहातावर घ्या. पांढरी, खरखरीत कणी हाताला लागली तर नळीत क्षार साचलेत. हिरवट, बुळबुळीत काही आलं तर शेवाळ आहे. क्षारांवर आम्ल चालतं, शेवाळावर क्लोरीन. आधी हे ओळखा, मगच दुकानात जा. आणि ही दोन्ही एकाच वेळी कधीही सोडू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो.’

पाठवण्याआधी मी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, शुद्धलेखन. लेखनाचं काम मागणाऱ्याचा मेसेज हाच त्याचा पहिला नमुना असतो, त्यातली चूक वाचणारा लेखांच्या हिशेबात धरतो. तिच्या मसुद्यात ‘कि’ आणि ‘पध्दत’ होतं, ते ‘की’ आणि ‘पद्धत’ केलं. १९६२ साली ठरलेले आणि १९७२ साली वाढवलेले मिळून लेखनाचे अठराच नियम आहेत, एका बैठकीत वाचून होतात. पण या चुका सहसा अज्ञानाने होत नाहीत, फोनच्या कीबोर्डने पुढे केलेला शब्द आपण न बघता उचलतो म्हणून होतात. मोठ्याने एकदा वाचलं की त्या सापडतात.

दुसरी, फाइल उघडते का. तिने माहितीपत्रक गूगल डॉकमध्ये ठेवून लिंक दिली होती आणि माझ्या फोनवर ती उघडायला परवानगी मागत होती. चाळीस मेसेज वाचणारा माणूस परवानगी मागून वाट बघत बसत नाही. लिंक काढली आणि फाइल जोडली. युनिकोडचा उल्लेखही यासाठीच होता. छपाईच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी, ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांसारखी दिसते. ज्याने हे एकदा भोगलं आहे, त्याला तो एक शब्द पुरतो.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, दोन ओळींचं. ‘६०० चालेल. पहिला लेख फिल्टरवर करा. आणि ती कागदाची पट्टी कुठे मिळते, ते पण पत्रकात घालाल का, आमचे गिऱ्हाईक विचारतील.’ भाचीने मला लगेच फोन केला. ‘मावशी, त्यांनी खरंच वाचलं!’

मी तिला म्हटलं, आता हो म्हणतानाही चार ओळी लिही, फोनवर ठरवू नकोस. तिने लिहिलं: सहा लेख, प्रत्येकी ७०० शब्द, ६०० रुपये, एक दुरुस्ती, दर दोन लेखांनंतर १,२०० रुपये यूपीआयने. छापलेले लेख पुढे स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवायला हरकत नसावी, हेही विचारलं. हे विचारणं आगाऊपणाचं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सहसा तोच असतो, आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. व्यापाऱ्याच्या पत्रकावर लेखकाचं नाव येत नाही, ते तिलाही मान्य होतं. पण पुढच्या कामाला अर्ज करताना दाखवायला हेच सहा लेख असणार होते. तिच्या वडिलांना कर कापला जाईल का याची काळजी होती. अशा शुल्कावर १० टक्के कपातीचा नियम एका देणाऱ्याकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर गेल्यावर लागतो, इथे सगळे मिळून ३,६०० होते.

पट्टीचं उत्तरही तिने त्याच मेसेजमध्ये दिलं: प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात ‘पीएच पेपर’ म्हणून मागा, रंगांचा तक्ता डबीवर असतो.

मग ती फिल्टरवरचा लेख लिहायला बसली आणि पहिल्याच वाक्याला अडली. वाळूचा फिल्टर किती दिवसांनी धुवायचा, याला पुस्तकात एक उत्तर होतं आणि वर्गातल्या टिपणात दुसरं. तिने राहात्याच्या त्या काकांना फोन लावला. ते म्हणाले, ‘दिवस कोण मोजतं पोरी? फिल्टरच्या अलीकडे एक मीटर आहे, पलीकडे एक. दोन्ही काटे जवळजवळ असले की पाणी सरळ चाललंय. त्यांच्यातला फरक वाढला की मी समजतो, वाळूत घाण अडकली.’

लेखाची सुरुवात तिने त्या दोन काट्यांपासून केली.